घड्याळातलं सिम: फोनच्याच नंबरवर वॉच चालू करताना काय बघायचं

बाबा रोज पहाटे साडेपाचला तळजाईला फिरायला जातात आणि फोन घरी चार्जिंगला लावून जातात. खिशात फोन असला की सारखा हात तिकडे जातो, चालण्यात लक्ष राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी टेकडी उतरताना त्यांचा पाय घसरला. कुणा भल्या माणसाने त्यांना बाकावर बसवलं, पण आमचा नंबर त्यांना पाठ नव्हता आणि घरी कळायला पाऊण तास गेला. त्या आठवड्यात मी ठरवलं की यांच्या मनगटावर सिम असलेलं घड्याळ बांधायचं. ते चालू करताना मी जे शिकले आणि त्यानंतर नात्यातल्या चार-पाच जणांची घड्याळं चालू करून देताना ज्या अडचणी आल्या, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. आमच्या घरात ॲपल वॉच आहे, म्हणून सविस्तर माहिती त्याचीच आहे. सॅमसंगबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

## हे सिम नेमकं करतं काय

सेल्युलर घड्याळात ई-सिम असतं. म्हणजे सिमकार्ड घालायची खाच नसते, आतल्या चिपमध्ये मोबाइल कंपनी तुमची जोडणी भरते. या ई-सिमची कंपनीच्या लेखी स्वतंत्र ओळख असते, पण ते तुमच्या फोनच्या नंबराला बांधलेलं असतं. कुणी बाबांचा नंबर लावला की फोनही वाजतो आणि घड्याळही. बाबांनी घड्याळावरून फोन केला तर समोरच्याला त्यांचा नेहमीचाच नंबर दिसतो.

अमेरिकेत व्हेरायझन याला नंबरशेअर म्हणते, एटी अँड टी नंबरसिंक म्हणते, टी-मोबाइलचं नाव डिजिट्स. भारतात एअरटेल आणि जिओ यांनी 11 मे 2018 रोजी ॲपल वॉच सिरीज 3 बरोबर ही सोय सुरू केली. तेव्हा जिओने तिला जिओएव्हरीव्हेअरकनेक्ट असं लांबलचक नाव दिलं होतं. मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन चौकशी कराल तेव्हा मात्र "वॉचचं ई-सिम" एवढंच म्हणा, समोरच्याला कळतं.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. घड्याळ स्वतःचं सिम सगळ्यात शेवटी वापरतं. फोन जवळ असेल तर ब्लूटूथने फोनचंच नेटवर्क वापरतं. फोन लांब असेल पण ओळखीचं वाय-फाय मिळत असेल तर ते धरतं. ही दोन्ही नसतील तेव्हाच सिमकडे वळतं. त्यामुळे घरात बसून "चालतंय, चालतंय" म्हणणाऱ्या कित्येकांचं सिम मुळात चालूच झालेलं नसतं. ते कळतं थेट टेकडीवर गेल्यावर.

## आधी घड्याळ तपासा

दुकानात एकाच दिसण्याची दोन घड्याळं असतात. एकावर GPS लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर GPS + Cellular. पहिल्या प्रकारात ई-सिमच नसतं आणि नंतर ते कुणीही घालून देऊ शकत नाही. सिरीज 4 पासून सेल्युलर घड्याळाच्या बाजूच्या गोल चकतीवर लाल कडं असतं, ते बघायची सवय ठेवा. जुनं घड्याळ घेत असाल तर फोनवरच्या Watch ॲपमध्ये General → About उघडा. तिथे IMEI आणि EID दिसले तर घड्याळ सेल्युलर आहे.

आता आमच्या घरातली फजिती सांगते, कारण मराठी घरांमध्ये ती फार वेळा होते. दादा न्यू जर्सीला असतो. 2019 च्या दिवाळीत येताना तो सिरीज 4 चं सेल्युलर घड्याळ घेऊन आला होता. तेव्हा बाबांनी ते नुसतं वेळ आणि पावलं बघायला वापरलं. बाबा पडल्यावर मी तेच घड्याळ काढलं आणि सिम चालू करायला बसले. Watch ॲप दर वेळी सांगायचं की हे होऊ शकत नाही. दादा फोनवर म्हणाला, "अगं, सेल्युलरच आहे ते, मी शंभर डॉलर जास्त मोजलेत." घड्याळ सेल्युलर होतं, पण अमेरिकेचं होतं.

मोबाइल कंपन्या ठराविक पट्ट्यांवर सिग्नल सोडतात. त्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. अमेरिकेत 2, 4, 12, 13, 66 असे बँड खूप वापरले जातात. भारतात 4जी मुख्यतः 1, 3, 5, 8 आणि 40 वर चालतं. फोन मोठा असतो, त्यात पुष्कळ बँड मावतात, म्हणून अमेरिकेतला अनलॉक फोन पुण्यात सहसा चालून जातो. घड्याळात अँटेनाला आणि बॅटरीला जागाच नसते, म्हणून ॲपलने वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळी सेल्युलर मॉडेलं काढली. सिरीज 4 चं अमेरिका खंडासाठीचं मॉडेल A1975 किंवा A1976 आहे. युरोप आणि आशियाकडच्या भागासाठीचं A2007 किंवा A2008. दिसायला दोन्ही सारखीच.

त्यावर दुसरी चाळणीही आहे. बँड जुळले तरी मोबाइल कंपनीने ते मॉडेल आपल्या यादीत घेतलेलं असावं लागतं. यादीत नसेल तर ॲप पुढेच जात नाही.

म्हणून परदेशातून कुणी आणत असेल, तर पैसे देण्याआधी त्यांच्याकडून A ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक मागवा. घड्याळ आधीच हातात असेल तर General → About मधल्या मॉडेलच्या ओळीवर बोट टेकवा, तिथे A चा क्रमांक उमटतो. ॲपलच्या संकेतस्थळावर देशानुसार मोबाइल कंपन्यांची आणि मॉडेलांची यादी आहे, तिच्याशी तो ताडून बघा. माझं स्पष्ट मत आहे की सिम वापरायचं असेल तर ज्या देशात माणूस राहतो तिथलंच घड्याळ घ्यावं. परदेशी घड्याळात वाचलेले चार पैसे अशा वेळी वाया जातात.

फोनचंही बघा. ॲपल वॉचला आयफोनच लागतो, अँड्रॉइडला ते जोडता येत नाही. 2025 मध्ये आलेल्या watchOS 26 या घड्याळाच्या सॉफ्टवेअरसाठी आयफोन 11 किंवा त्यानंतरचा फोन लागतो. आजीआजोबांकडे बहुधा मुलांचे जुने आयफोन असतात, त्यामुळे नवीन घड्याळ आणि जुना फोन अशी जोडी जमत नाही. आम्हाला याच कारणाने बाबांचा फोनही बदलावा लागला. तो खर्च मी हिशोबात धरलाच नव्हता.

## मग नंबर आणि प्लॅन तपासा

फोनमधला नंबर ज्या कंपनीचा असेल, त्याच कंपनीकडून घड्याळाचं ई-सिम घ्यावं लागतं. फोन एका कंपनीचा आणि घड्याळ दुसऱ्या कंपनीचं, असं एकाच नंबरावर होत नाही. फोनमध्ये दोन सिम असतील तर कुठला नंबर घड्याळावर हवा ते आधी ठरवा. घरचे, डॉक्टर, शेजारी ज्या नंबरावर फोन करतात तोच घ्या.

यानंतर कंपनीला विचारायचे तीन प्रश्न. ते विचारल्याशिवाय घड्याळाचे पैसे भरू नका.

पहिला: माझ्या सध्याच्या प्लॅनवर वॉचचं ई-सिम मिळतं का? प्रीपेड असाल तर हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण अनेक ठिकाणी ही सोय पोस्टपेडलाच असते. जुन्या, आता बंद झालेल्या प्लॅनवर असाल तरी विचारा.

दुसरा: हा नंबर माझ्या नावावर आहे का? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण माझ्या मावसभावाचं इथेच अडलं. त्याचा नंबर ऑफिसने दिलेला, म्हणजे कॉर्पोरेट. बिल ऑफिस भरतं, कागदोपत्री मालकही ऑफिस. ॲपमध्ये तो लॉगिन करत राहिला आणि विनंती परत येत राहिली. फॅमिली प्लॅनमधल्या जोड नंबरांचंही असंच होऊ शकतं, कारण मंजुरी मुख्य नंबरवाल्याने द्यावी लागते.

तिसरा: महिन्याला वेगळे पैसे लागतात का, आणि डेटा कुठून जातो?

बाबांचा नंबर प्रीपेड होता. तो त्याच कंपनीच्या पोस्टपेडमध्ये नेला. नंबर बदलला नाही, पण रिचार्ज संपला की बंद होणारी गोष्ट आता दर महिन्याला बिल होऊन येते, हे बाबांना नीट समजावून सांगावं लागलं.

## पैशांचा हिशोब

खर्चाचे तीन कप्पे करा: घड्याळाच्या किमतीतला फरक, चालू करण्याचं एकदाचं शुल्क आणि दरमहाचं भाडं.

घड्याळातला फरक ठळक आहे. 2024 मध्ये सिरीज 10 भारतात आली, तेव्हा लहान आकाराचं जीपीएस मॉडेल 46,900 रुपयांना होतं आणि तेच सेल्युलर 56,900 ला. म्हणजे सिमसाठी आधीच 10,000 रुपये. अमेरिकेत हाच फरक 100 डॉलरचा होता.

दरमहाच्या भाड्याचं देशागणिक निराळं आहे. भारतात ही रक्कम कंपनी आणि प्लॅन यांवर ठरते आणि ती बदलत राहते, म्हणून मी इथे आकडा देत नाही. तुमच्या कंपनीच्या ॲपमध्ये त्या दिवशी दिसेल तोच खरा. हिशोब कसा करायचा तेवढं दाखवते. समजा कंपनीने महिन्याला 100 रुपये सांगितले. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 118. वर्षाचे 1,416. घड्याळ तीन वर्षं वापरलं तर 4,248. त्यात किमतीतले 10,000 मिळवले की तीन वर्षांत मनगटावरच्या सिमला 14,248 रुपये पडले. प्रीपेडवरून पोस्टपेडला जाताना महिन्याचा खर्च वाढला असेल तर तोही यात धरा. आमच्याकडे घड्याळाच्या भाड्यापेक्षा ही वाढच मोठी निघाली.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी: तिथे मोठ्या कंपन्यांकडे घड्याळाची ओळ महिन्याला साधारण 10 डॉलरला मिळते, पण तो आकडा करांआधीचा असतो. घड्याळाला बिलात स्वतंत्र लाइन धरतात, म्हणून फोनवर लागणारे छोटे छोटे कर आणि अधिभार तिच्यावरही लागतात. दादाच्या बिलावर ती ओळ बारा डॉलरच्या पुढे जाते. शिवाय लाइन चालू करताना एकदाचं शुल्क लागतं. ऑफरमध्ये ते कधी माफ असतं, कधी नसतं. "पहिले तीन महिने फुकट" असं असलं तरी पहिल्या महिन्यापासून कर आकारले जातात का, हे विचारून घ्या. त्याच बिलात एक अनोळखी नंबर दिसेल. घाबरू नका, तो घड्याळाच्या ई-सिमचा अंतर्गत नंबर असतो. त्यावर कुणी फोन करत नाही.

## चालू करण्याच्या पायऱ्या

हे काम घरी, निवांत वेळी करा. फोन आणि घड्याळ दोन्ही निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या.

1. फोनचं आणि घड्याळाचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. मग फोनवर Settings → General → About उघडून मिनिटभर थांबा. कंपनीच्या सेटिंगचं अपडेट आलेलं असेल तर तिथेच विचारणा होते, ते घ्या.
2. जो नंबर घड्याळावर हवा आहे, तो फोनमध्ये चालू आहे आणि त्यावर एसएमएस येतो आहे, हे बघा. ओटीपी तिथेच येणार आहे.
3. फोनवर Watch ॲप उघडा. My Watch → Cellular → Set Up Cellular असं जा.
4. आता तुमच्या मोबाइल कंपनीचं पान उघडतं. नंबर टाका, ओटीपी टाका. शुल्क आणि अटी याच पानावर असतात. इथे थांबून आकडा वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या. पुढे बिलाबद्दल वाद झाला तर हाच कागद.
5. होकार दिल्यावर Cellular च्या पानावर कंपनीचं नाव दिसू लागतं. कधी पाच मिनिटांत होतं, कधी काही तास लागतात. मधल्या वेळात पुन्हा पुन्हा तीच विनंती पाठवू नका. जुनी अडकलेली असताना नवी पाठवली की दोन्ही लोंबकळतात.

चौथ्या पायरीवर पान उघडलंच नाही, किंवा "तुमचा प्लॅन पात्र नाही" असं आलं, तर घड्याळ रीसेट करण्यात वेळ घालवू नका. अडचण बहुतेक वेळा कंपनीकडच्या प्लॅनमध्ये किंवा मॉडेलच्या यादीत असते. आधीचे तीन प्रश्न पुन्हा विचारा.

गॅलरीत जाऊन काम करवून घेणार असाल तर एक खबरदारी घ्या. मी ती घेतली नाही आणि बाबांचा एक अख्खा दिवस वाया गेला. काउंटरवरच्या मुलाला मी "ई-सिम करायचंय" म्हटलं. त्याने बाबांच्या फोनमधलंच सिम बदलून ई-सिम केलं. भारतात सिम बदललं की 24 तास त्या नंबरावर एसएमएस बंद राहतात. फसवणूक टाळण्यासाठीचा तो नियम आहे आणि योग्यच आहे. पण त्या चोवीस तासांत बाबांना बँकेचा ओटीपी मिळेना आणि ओटीपीशिवाय घड्याळाचं सिमही चालू होईना. म्हणून काउंटरवर स्पष्ट म्हणा: "फोनमधलं सिम आहे तसंच ठेवायचं आहे, त्याच नंबरावर घड्याळासाठी जादा ई-सिम हवं आहे." तो मुलगा जर जुनं सिम बाहेर काढायला लागला, तर तिथेच थांबवा.

## खरंच चालू झालं का, हे कसं कळतं

फोन नुसता एअरप्लेन मोडवर टाकून ही परीक्षा होत नाही. ब्लूटूथ चालूच राहू शकतं आणि घड्याळ फोनशी बोलत राहतं. फोन पूर्ण बंद करा. मग घड्याळ घालून घराबाहेर पडा आणि घरचं वाय-फाय पोचणार नाही इतकं लांब जा. आमच्याकडे सोसायटीच्या फाटकापर्यंत जावं लागलं.

तिथे घड्याळाच्या बाजूचं लांबट बटण दाबा. जुन्या watchOS मध्ये पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट वर सरकवावं लागतं. छोट्या बटणांच्या त्या पानावर मोबाइलच्या टॉवरचं चिन्ह आहे. ते हिरवं असेल आणि रेंजच्या काड्या दिसत असतील तर घड्याळ स्वतःच्या सिमवर आहे. पांढरं असेल तर सिम तयार आहे, पण घड्याळ अजून फोनवर किंवा वाय-फायवर चालतंय. अजून चार पावलं पुढे जा. लाल रंगात फोनचं चिन्ह तुटलेलं दिसलं आणि हिरवं काहीच आलं नाही, तर सिम चालू झालेलं नाही.

चिन्ह हिरवं झालं की घड्याळावरून घरी फोन करा. मग घरच्यांना बाबांचा नेहमीचा नंबर लावायला सांगा. दोन्ही बाजूंनी बोलणं झालं तरच काम पुरं झालं असं धरा. जाणारा फोन लागतो आणि येणारा वाजत नाही, असं झालं तर कंपनीकडे नंबर नीट बांधला गेलेला नाही. तक्रार करताना नेमके हेच शब्द वापरा: "वॉचवरून आउटगोइंग होतं, इनकमिंग येत नाही."

ही परीक्षा मी बाबांबरोबर तळजाईवरही केली, कारण फाटकाशी रेंज असली तरी टेकडीच्या पलीकडच्या उतारावर ती असेलच असं नाही. फोनला जिथे एक काडी मिळते, तिथे घड्याळाची लहानशी अँटेना कधी कधी काहीच पकडत नाही. बाबांच्या रोजच्या वाटेवर अशी एक जागा निघाली. ती आता आम्हाला माहीत आहे.

## एसएमएस आणि ओटीपीची मेख

कॉल घड्याळावर थेट येतो, मात्र साधा एसएमएस तसा येत नाही. तो आधी फोनवर येतो आणि तिथून इंटरनेटमार्गे घड्याळाकडे पाठवला जातो. बहुतेक ॲप्सच्या सूचनांचंही असंच. म्हणजे फोन घरी असला तरी चालेल, पण तो चालू असावा लागतो आणि त्याला रेंज किंवा वाय-फाय हवं. फोनची बॅटरी उतरली की मनगटावर ओटीपी येत नाही. कॉल मात्र येत राहतात.

बाबांसाठी आम्ही साधा नियम केला. फिरायला निघताना फोन चार्जरला लावायचा, बंद करायचा नाही. "फोन घरी आहे ना, मग बंद का ठेवायचा नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी त्यांना एकेक एसएमएस पाठवून फरक दाखवला. त्यानंतर विचारलं नाही.

## डेटा आणि बॅटरी

फोनच्या डेटातूनच घड्याळ डेटा घेतं का, की त्याला वेगळा वाटा असतो, हे प्लॅनवर ठरतं. एकत्र असेल तर घड्याळाने खाल्लेलं फोनच्या खात्यातून वजा होतं. पण घड्याळ खातं किती? कॉल, हवामान, हृदयाचे ठोके, नकाशावर आपण कुठे आहोत, याला फार डेटा लागत नाही. लागतो तो गाण्यांना.

सेकंदाला 256 किलोबिट या दर्जाने गाणी वाजली तर तासाला सुमारे 115 एमबी जातात. बाबा रोज तासभर अभंग ऐकतात. महिन्याला झाले साधारण 3.5 जीबी. मोठ्या पोस्टपेड प्लॅनमध्ये हे जाणवणार नाही, पण डेटा मोजका असेल किंवा घड्याळाच्या ओळीला स्वतंत्र मर्यादा असेल तर नक्की जाणवेल. Watch ॲपमधल्या Cellular च्या पानावर खाली कुठल्या ॲपने किती डेटा घेतला ते दिसतं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एकदा बघा.

खरी काळजी डेटापेक्षा बॅटरीची करावी. स्वतःच्या सिमवर घड्याळ फार लवकर थकतं. सिरीज 7 साठी ॲपलने 4जीवर सलग बोलण्याचा वेळ जेमतेम दीड तास दिलेला आहे. त्यात गाणी सिमवरून वाजवली आणि रेंज कमी असली तर तासाभराच्या फेरीत बॅटरी डोळ्यांदेखत खाली येते. ज्या कॉलसाठी घड्याळ घेतलं, त्या वेळी ते बंद पडलेलं असू नये. म्हणून अभंग आम्ही आधीच घड्याळात उतरवून ठेवले. रात्री घड्याळ चार्जरवर असताना वाय-फायवरून ते आत येतात. सिम फक्त बोलण्यापुरतं राहतं. निघताना बॅटरी निम्म्यापेक्षा कमी असेल तर बाबा फोन बरोबर घेतात.

पंचावन्न किंवा त्याहून जास्त वय नोंदवलं की पडल्याची नोंद घेणारी सोय आपोआप चालू होते, पण ते वय Health ॲपमध्ये खरं भरलेलं असावं लागतं. मदतीचा कॉल ज्यांच्यापर्यंत पोचायचा, ते नंबरही तिथेच Medical ID मध्ये भरा. हे दोन्ही केलं नसेल तर सिमला पैसे भरून अर्धाच उपयोग होतो.

## सॅमसंगचं घड्याळ असेल तर

गॅलेक्सी वॉचमध्येही ब्लूटूथ आणि एलटीई अशी दोन मॉडेलं असतात आणि खोक्यावर LTE लिहिलेलं असेल तरच सिम चालतं. फोनवर Galaxy Wearable ॲपमध्ये Watch settings → Mobile plans इथून सुरुवात होते. गॅलेक्सी वॉच 4 पासून ही घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. कंपनीच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का, प्लॅन पात्र आहे का, हे प्रश्न इथेही तेच.

## बंद करताना, पोर्ट करताना, परदेशी जाताना

घड्याळातून ई-सिम काढून टाकलं म्हणजे बिल थांबलं, असं नाही. Watch ॲपमधून प्लॅन काढला तरी कंपनीच्या खात्यात ती जोडणी चालूच असू शकते. घड्याळ विकताना, कुणाला देताना किंवा ते हरवलं तर कंपनीला वेगळं कळवा, तक्रार क्रमांक घ्या आणि पुढचं बिल उघडून ती ओळ गेली का ते बघा. दादाने जुनं घड्याळ मित्राला दिलं आणि पाच महिने त्याची ओळ भरत राहिला. अनपेअर करताना प्लॅन ठेवायचा की काढायचा, असं ॲप विचारतं. तेच घड्याळ नव्या फोनला जोडणार असाल तर ठेवा, देऊन टाकणार असाल तर काढा.

नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा असेल तर घड्याळाचं सिम बरोबर जात नाही. पोर्ट करण्याआधी नवी कंपनी तुमच्या मॉडेलला आणि प्लॅनला वॉचचं ई-सिम देते का ते विचारा. पोर्ट झाल्यावर जुना प्लॅन काढा आणि पायऱ्या पहिल्यापासून करा.

परदेशात घड्याळाचं रोमिंग ॲपलने सिरीज 5 आणि त्यापुढच्या सेल्युलर मॉडेलांना watchOS 9.1 पासून दिलं आहे, पण तुमची कंपनी देते का आणि फोनच्या रोमिंग पॅकमध्ये घड्याळ धरलेलं आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. आम्हाला याचं लेखी उत्तर मिळालं नाही. म्हणून बाबा न्यू जर्सीला निघाले तेव्हा मुंबईच्या विमानतळावरच मी त्यांच्या घड्याळातलं Cellular बंद केलं आणि परत आल्यावर कुठे चालू करायचं ते कागदावर लिहून त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं. परत मुंबईत उतरल्यावर त्यांनी स्वतःच ते चालू केलं आणि टॅक्सीत बसण्याआधी घड्याळावरून मला फोन केला.